डबा, त्रिकोण आणि मागे उरलेलं

कागदावर सुक्या कचऱ्याचा डबा पांढरा ठरला. नागरी घनकचऱ्याच्या 2000 सालच्या नियमांनी ओल्या कचऱ्यासाठी हिरवा, पुन्हा वापरात जाऊ शकणाऱ्या सुक्यासाठी पांढरा आणि बाकीच्यासाठी काळा असे रंग ठरवले होते. 2016 साली नवे नियम आले, त्यांनीही हिरवा, पांढरा आणि काळाच सांगितला. पण ठाण्याच्या गोखले रोडवर, डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा कल्याणच्या शिवाजी चौकात पांढरा डबा शोधायला निघालात तर पाय दुखतील. तिथे हिरव्याच्या शेजारी निळा आहे. 5 जून 2017च्या पर्यावरण दिनापासून केंद्राच्या स्वच्छ भारत मोहिमेने हिरवा-निळा अशी जोडी देशभर नेली, आणि ती घराघरात पोहोचली. पांढरा डबा नियमाच्या पुस्तकातच राहिला.

मला हे रंग आवडू लागले ते फोटोंमुळे. आमचा काही मित्रांचा एक जुना छंद आहे. ज्यात दुकानाची पाटी नाही, ओळखीचं देऊळ नाही, गाडीचा नंबर नीट वाचता येत नाही असा रस्त्याचा फोटो एकाने पाठवायचा आणि बाकीच्यांनी तो कुठला आणि कधीचा ते सांगायचं. सगळे झाडं, विजेचे खांब, इमारतींचे छज्जे पाहतात. मी आधी खाली पाहतो, फुटपाथच्या कडेला, भिंत आणि रस्ता मिळतात त्या कोपऱ्यात. पाट्या आपल्याला काय दाखवायचं ते ठरवून लावलेल्या असतात. कचरा कोणी दाखवण्यासाठी टाकत नाही, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास जास्त.

तर रंगांपासून सुरुवात. लोखंडी चौकटीत शेजारी शेजारी टांगलेले, कलते करून रिकामे करता येणारे हिरवा आणि निळा असे दोन डबे फोटोत दिसले, की फोटो बहुधा 2017च्या नंतरचा. यातून गाव कळत नाही. ही जोडी ठाण्यात आहे तशीच नागपुरात आहे आणि इंदुरातही आहे. जर्मनीत पिवळा डबा वेष्टनांचा, निळा कागदाचा, तपकिरी जैविक कचऱ्याचा, म्हणून तिथले लोक रंग पाहून देश ओळखतात. आपल्याकडे रंग काळ सांगतो. गाव सांगायचं काम डब्यावरच्या अक्षरांचं, आणि ती अक्षरं ऊन-पावसात सगळ्यात आधी जातात.

पिवळ्या पिशवीचं मात्र वेगळं आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016च्या नियमांत पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी स्वतःची रंगमाळ आहे. रक्ताने माखलेला कापूस, पट्ट्या वगैरे पिवळ्या पिशवीत जातात. ही पिशवी दवाखान्याच्या मागच्या दारी दिसली तर नवल नाही. पण साध्या सोसायटीच्या फाटकाशी, घंटागाडीची वाट पाहत ठेवलेली पिवळी पिशवी दिसली की मला लगेच 2020-21 आठवतं. कोरोनाचा रुग्ण किंवा विलगीकरणातली व्यक्ती ज्या घरात आहे, त्या घरचा जैववैद्यकीय कचरा पिवळ्या पिशवीत वेगळा द्यावा अशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सूचना होती. त्या पिशवीतून त्या घरावरची सगळी भीती रस्त्यावर दिसायची. असा फोटो समोर आला की मी तारखेची पैज सहसा हरत नाही, आणि जिंकल्याचा आनंदही होत नाही.

रंग फसवतोही. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत निळा डबा काळसर दिसतो आणि हिरवा मळकट करडा. मग आपण 'काळा डबा आहे, म्हणजे जुन्या नियमाचा' असं म्हणून मोकळे होतो. म्हणून आधी त्याच प्रकाशातली दुसरी एखादी ओळखीची वस्तू पाहायची. कोणाचा पांढरा सदरा, रस्त्यावरचा पांढरा पट्टा पिवळा पडलेला दिसला, तर डब्याच्या रंगावरून काहीही ठरवू नये. भर दुपारीही प्लास्टिकचा निळा दोन-तीन उन्हाळ्यांत राखाडीकडे झुकतो. अशा वेळी झाकणाच्या आतली किंवा बिजागराच्या मागची, ऊन न लागलेली बाजू दिसते का ते पाहावं. खरा रंग तिथे टिकतो.

आता त्रिकोण. तीन बाणांचं ते चिन्ह 1970 साली गॅरी अँडरसन नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने एका कागदी खोके बनवणाऱ्या कंपनीच्या स्पर्धेसाठी काढलं. पुढे 1988 साली तिथल्या प्लास्टिक उद्योगाने तसल्याच त्रिकोणात 1 ते 7 आकडे घातले. आपल्याकडे बाटलीच्या बुडाशी, पिशवीच्या कडेला दिसतो तो हा दुसरा त्रिकोण. तो पाहून 'हे पुन्हा वापरात जाणार' असं अनेकांना वाटतं. तो आकडा तसं काही सांगत नाही, प्लास्टिकची जात सांगतो. 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, 2 म्हणजे शाम्पूच्या बाटलीसारखं कडक, 4 म्हणजे दुधाच्या पिशवीचं मऊ, 5 म्हणजे हॉटेलातल्या पार्सलच्या डब्याचं, 6 म्हणजे थर्मोकोलचं आणि 7 म्हणजे यांतलं कुठलंच नाही ते, वेफरच्या चकचकीत पुड्यासारखं अनेक थर चिकटवलेलं.

फोटोत हा आकडा वाचता येईल इतक्या जवळून कचऱ्याचा फोटो कोणी काढत नाही. पण वस्तूच्या आकारावरून आकडा कळतो, आणि आकड्यावरून पुढचं कळतं. भंगारवाल्याकडे 1, 2 आणि 4 ला भाव आहे, 5 लाही पुष्कळदा मिळतो. 7 ला कोणी हात लावत नाही. डोंबिवलीत एका भंगाराच्या गाळ्यात माल निवडणाऱ्या बाईंना मी त्रिकोण दाखवून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "दादा, ते बघायला येळ कुठंय? हाताला लागलं की कळतं." त्या पिशवी चुरगळतात, आवाज ऐकतात आणि ढिगात टाकतात. कडकड वाजली तर एकीकडे, मऊ सरकली तर दुसरीकडे. आकडा जे सांगतो ते त्यांचं बोट त्याच्या आधी सांगतं.

इथून पुढे फोटोतला कचरा वेगळा दिसायला लागतो. रस्त्यावर जे पडलेलं दिसतं ते लोकांनी टाकलेलं सगळं नसतं. कचरावेचक बायका गोणी घेऊन भल्या पहाटे, झाडूवाल्यांच्या आणि घंटागाडीच्या आधी फिरून जातात, आणि विकलं जाईल ते उचलतात. फोटोत राहतं ते त्यांनी नाकारलेलं. म्हणून मी मोजतो ते न दिसणारं. एखाद्या कोपऱ्यावर वेफरचे पुडे, शाम्पूच्या पुड्या, चहाचे कप ढिगाने आहेत आणि पाण्याची एकही बाटली नाही, तर त्या कोपऱ्यावरून कोणाचा तरी हात फिरून गेलेला आहे. बाटल्याही तशाच पडल्या असतील, तर एकतर वेचकांची फेरी अजून व्हायची आहे, नाहीतर जागा अशी आहे की तिथे त्यांना पोहोचता येत नाही. कुंपणाआडचा नाला किंवा रुळांमधली जागा असते तशी. सावलीची लांबी जितकी वेळ सांगते तितकीच ही बाटली सांगते.

दुधाची पिशवी या बाबतीत सगळ्यात बोलकी. महाराष्ट्राने 23 मार्च 2018च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्या बंद केल्या तेव्हा दुधाच्या पिशवीला सूट दिली, पण ती किमान 50 मायक्रॉन जाड असावी आणि परत घेण्याची किंमत, निदान 50 पैसे, तिच्यावर छापावी अशी अट घातली. छापील किमतीने परत घेणारा दुकानदार मला फारसा भेटला नाही. पण आमच्याकडची घरं पिशवी धुऊन, वाळवून, चाळीच्या दोरीला किंवा बाल्कनीच्या गजाला लावून साठवतात आणि रद्दीबरोबर देतात. त्यामुळे रस्त्यावर अख्खी दूध पिशवी क्वचित दिसते. दिसतो तो तिचा कापलेला कोपरा, नखाएवढा त्रिकोणी तुकडा, एका कडेला छपाईच्या निळ्या किंवा हिरव्या शाईची रेघ. कात्रीने पिशवी कापताना तो सुटतो, ओट्यावरून केराच्या सुपलीत जातो आणि तिथून रस्त्यावर. त्याला भाव नाही, झाडूच्या काड्यांत तो सापडत नाही, गटाराच्या जाळीतून निसटतो. फुटपाथच्या फटीत असे तुकडे दिसले की समजावं, भोवती राहती घरं आहेत आणि ती रोज सकाळी पिशवीतलं दूध घेतात. कार्यालयांच्या वस्तीत हे तुकडे नसतात, तिथे चहाचे कप असतात. त्या तुकड्याला पिशवीपासून पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा, असं मी भेटेल त्याला सांगत असतो.

ओला कचरा महिना सांगतो. कोयी आणि आंब्याच्या पेटीतलं गवत म्हणजे एप्रिल-मे. कणसांची बुरकुंडं पडली की पाऊस सुरू झाला. सुकलेल्या दूर्वा, केवड्याचं पान आणि फाटलेलं मखराचं कापड म्हणजे भाद्रपद. चुरडलेली आपट्याची पानं दसऱ्यानंतर दोन-चार दिवस दिसतात आणि लाल कागदाचा बारीक चुरा दिवाळीत. शहाळी आणि उसाची चिपाडं बाराही महिने, पण उन्हाळ्यात त्यांचा ढीग मोठा. या खुणा आठवड्यात नाहीशा होतात, आणि त्यामुळेच त्या अचूक असतात. डबा सात-आठ वर्षं उभा राहतो, आपट्याचं पान इतकं थांबत नाही.

ठाण्याच्या फोटोत तलाव असला की काठावर निर्माल्याचा कलश शोधावा. मासुंदा तलावाच्या कठड्याशी हार-फुलांसाठी वेगळं भांडं असतं, आणि महापालिका समर्थ भारत व्यासपीठाच्या सोबतीने हे निर्माल्य गोळा करून त्याचं खत करते. हिरवा आणि निळा या दोन रंगांत न बसणारा हा तिसरा डबा. देवाला वाहिलेलं फूल ओल्या कचऱ्यात टाकायला हात धजत नाही, हे ओळखून तो ठेवलेला आहे. पण कलश दिसला म्हणून ठाणं, असं म्हणू नये. कल्याणात काळा तलाव आहे, गणेशघाट आहे, आणि तिथेही निर्माल्याची सोय होते.

मध्यंतरी एका फोटोने आम्हाला बरंच झुंजवलं. अरुंद रस्ता, उजवीकडे सोसायटीची भिंत, भिंतीशी पायाखालचं सिमेंट एका चौकोनात काळपट. त्या चौकोनात पिशव्यांचा लहानसा ढीग, त्याला खेटून मातीच्या दोन कुंड्या, एकीत तुळस वाळलेली. जमिनीवर रांगोळीचे पांढरे फिकट ठिपके. जरा पुढे खांबाला हिरवा आणि निळा डबा. हिरव्यावर फक्त 'म.न.पा.' एवढंच शिल्लक, त्याआधीचं खरवडलेलं. एक मित्र म्हणाला, ठाणं, नौपाडा. दुसरा म्हणाला, बदलापूर.

मी ढिगावर गेलो. वरच्या कापडी पिशवीवर कुठल्यातरी दुकानाचा फोन नंबर अर्धा दिसत होता, सुरुवातीचे चार आकडे 0251. ठाणे शहराचा फोन 022 ने सुरू होतो. 0251 हा कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याचा. एका पिशवीवर भरवसा ठेवू नये, पाहुण्याच्या हातातून पिशवी लोकलने कुठेही जाते. पण तळाशी मिठाईच्या खोक्याचं झाकण होतं, त्यावरही 0251 होतं, आणि दुकान वेगळं होतं. दोन वेगळ्या घरांचा कचरा एकाच पट्ट्याकडे बोट दाखवतो तेव्हा मान्य करायला हरकत नाही. ठाणं गेलं. मग 'म.न.पा.'. बदलापूर आणि अंबरनाथ इथे महापालिका नाही, नगरपरिषद आहे. तीही गेली. उरली उल्हासनगर आणि कल्याण-डोंबिवली.

इथे तो काळपट चौकोन कामाला आला. तिथे पूर्वी कचराकुंडी होती. वर्षानुवर्षं ओल्या कचऱ्याचं पाणी मुरलं की सिमेंटचा रंग असा बदलतो आणि धुऊनही जात नाही. कुंडी उचलली, लोकांनी पुन्हा तिथेच टाकू नये म्हणून रांगोळी काढली, तुळशीची कुंडी ठेवली. कल्याण-डोंबिवलीत हे मोठ्या प्रमाणावर झालं. आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर खाडीकाठी वाढतच होता आणि कचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून उच्च न्यायालयाने 2015 साली या शहरात नव्या बांधकामांना परवानगी देणंच थांबवलं होतं. मे 2020 मध्ये महापालिकेने शून्य कचरा मोहीम सुरू केली. वर्गीकरण केलेलाच कचरा उचलायचा, रस्त्यावरच्या कुंड्या काढायच्या, कचरा थेट घंटागाडीत द्यायचा. वेंगुर्ल्यात नाव कमावून आलेले उपायुक्त रामदास कोकरे यांनी ती चालवली. 2021 साली आधारवाडीत कचरा टाकणं थांबलं आणि गाड्या उंबर्डे-बारावेकडे वळल्या.

मी मोहिमेचं मनापासून कौतुक करतो, आणि तरीही त्या चौकोनावर ढीग का, हेही मला समजतं. कुंडी चोवीस तास उघडी असायची, घंटागाडी सकाळी ठरलेल्या वेळी येते. सकाळी सहाची लोकल पकडणारी बाई आणि रात्री अकराला घरी पोहोचणारा माणूस गाडीला गाठणार कधी? ते पिशवी घेऊन बाहेर पडतात आणि हात सवयीने तिथेच सैल होतो जिथे वर्षानुवर्षं सैल झाला. आळशीपणा म्हणून हे सोडून देता येत नाही. स्टेशनच्या वाटेवरच्या चौकोनांवर ढीग जास्त आणि आतल्या गल्ल्यांत कमी, हे कोणालाही चालत जाऊन पाहता येईल.

आता तारीख. हिरवा-निळा डबा म्हणून 2017च्या पुढे. कुंडी गेलेली आणि जागा राखायला तुळस ठेवलेली, म्हणून बहुतेक 2020च्या मध्यानंतर. डब्याच्या कडेला मास्कची दोरी लटकत होती, म्हणून फार उशिराचा नसावा. ढिगात कणसाची बुरकुंडं होती. मी लिहिलं: कल्याण-डोंबिवली, स्टेशनच्या वाटेवर, 2021चा पावसाळा. उल्हासनगर मी पूर्ण काढून टाकू शकलो नव्हतो, तेही लिहिलं.

फोटो पाठवणाऱ्याने हो म्हटलं, डोंबिवली पूर्व. तरी मला सकाळची की संध्याकाळची वेळ हे कळत नव्हतं. आकाश ढगाळ, सावली नाही, बाटली एकही नाही. मग मी तो फोटो आमच्या भागातल्या सफाई मुकादमांना हजेरीच्या वेळी दाखवला. त्यांनी ढीग पाहिला, कुंडी पाहिली आणि बोट पिशव्यांच्या गाठींवर ठेवलं. "हे रात्रीचं टाकलंय, आणि फोटो पहाटेचा आहे," ते म्हणाले. "गाठी बघा, सगळ्या सोडलेल्या आहेत. वेचणारी येऊन गेली. कुत्र्याने फाडली असती तर पिशवी पोटातून फाटते, गाठ तशीच राहते. झाडूवाला अजून आलेला नाही, नाहीतर पानं बाजूला सरलेली दिसली असती. साडेपाच ते साडेसहा." मग फोन परत देताना म्हणाले, "आणि ती तुळस पाणी मागते, तेवढं कोणाला तरी सांगा."